बाळाला पॅरासिटामॉलची सपोझिटरी: तासाभरात ताप का उतरत नाही?

बाळ ९ महिन्यांचं, वजन साडेआठ किलो. औषध उलटून टाकतं म्हणून १२५ मिग्रॅची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी, दिली. तासाभरानंतरही ताप आहे, दुसरी देऊ का?

नको. किलोला १५ मिग्रॅ धरले तर हा डोस पुरेसा आहे. गुदमार्गाने औषध हळू आणि कमीजास्त शोषलं जातं. पूर्ण असर व्हायला दोन-तीन तास लागू शकतात. पुढची सहा तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त चार. तोंडाने दिलेलं पॅरासिटामॉलही यातच मोजा.

उलट्या होत असताना किंवा बाळ झोपेतून नीट जागं होत नसताना हा मार्ग कामाचा (अशी सुस्ती असेल तर आधी डॉक्टर गाठा). जुलाबात मात्र औषध शोषण्याआधीच बाहेर पडतं. सपोझिटरी कापून अर्धी देऊ नका. तुकड्यांत औषध सारखं असेलच असं नाही.