दावं आणि सांगणारी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट सोमवारी मिळालं. एकाच कादंबरीची पहिली चाळीस पानं तीनदा लिहिलेली: एकदा ‘मी’ आणि भूतकाळ, एकदा ‘ती’ आणि भूतकाळ, एकदा ‘मी’ आणि वर्तमानकाळ. वर चिठ्ठी, “ताई, यातलं कुठलं जास्त जिवंत वाटतं?” त्या प्रश्नाने मला रात्री नीट झोप लागू दिली नाही. तीस वर्षांपूर्वी मीही तोच विचारला होता, आणि दुर्दैवाने उत्तर देणारं माणूस मला लगेच भेटलं.

कुठलं जिवंत वाटतं हे मला विचारू नकोस. तुझी सांगणारी म्हैस विकली त्या संध्याकाळपासून किती दूर उभी आहे, ते आधी मला सांग. दोन दिवस, दोन वर्षं की बावीस? तिन्ही मसुद्यांत मी हेच शोधत होते आणि ते कुठेच सापडलं नाही. तू सर्वनाम बदललंस, क्रियापदं बदललीस, पण सांगणारीला उभं राहायला जागाच दिली नाहीस.

तुझाच सव्विसाव्या पानावरचा प्रसंग घेऊ. मुलीच्या फीसाठी बाबांनी म्हैस विकली आणि ते बाजारातून रिकामे परतले. पहिल्या मसुद्यात: “बाबा दारात आले. हातात नुसतं दावं होतं. मी गोठ्याकडे पाहिलं नाही. दावं हातात घेतलं.” तिसऱ्यात: “बाबा दारात येतात. हातात नुसतं दावं आहे. मी गोठ्याकडे पाहत नाही. दावं हातात घेते.”

तुला वाटतं, इथे फक्त काळ बदलला. आपल्या भाषेने तुझ्या नकळत आणखी एक गोष्ट केली आहे. ‘मी दावं घेतलं’ यात क्रियापद दाव्याच्या लिंगावर गेलं. सांगणारी बाई की पुरुष, हे त्या वाक्यात उरतच नाही. ती मागे सरते आणि दावं पुढे येतं. ‘मी दावं घेते’ म्हटलं की क्रियापद तिच्यावर येतं, ती पुढे येते आणि दावं मागे पडतं. मराठीत भूतकाळातली सकर्मक क्रियापदं, ‘विसरले’, ‘शिकले’, ‘म्हणाले’ अशी थोडी सोडली तर, सांगणाऱ्याला लपवतात. वर्तमानकाळ त्याला दर वाक्यात दाखवतो. म्हणजे काळ बदलताना तू जवळीकही बदललीस, आणि मला वाटतं उलट्या दिशेने. वर्तमानकाळाने आपण वाचकाला मुलीजवळ नेतो आहोत असं तू समजत होतीस. प्रत्यक्षात त्या मसुद्यात मुलगी सारखी स्वतःकडे पाहताना दिसते: मी घेते, मी ठेवते, मी बसते. जी मुलगी गोठ्याकडे पाहायचं टाळते, ती स्वतःकडे इतकी कशी पाहील?

आता वेग. एकतिसाव्या पानावर ती म्हैस वगार होती तेव्हापासूनची सात वर्षं तुला सांगायची आहेत. भूतकाळाच्या मसुद्यात तू लिहिलंस, “बाबा पहाटे उठायचे, आधी तिला पाणी दाखवायचे, मग स्वतः तोंड धुवायचे.” तीन ‘-चे’मध्ये सात वर्षं सरली. पुढच्या वाक्यात “त्या दिवशी उठलेच नाहीत” आलं आणि मी कागदावरून मान वर केली. सवयीच्या क्रियापदावरून घडलेल्या क्रियापदावर उडी मारली की प्रसंग सुरू झाल्याचं वाचकाला सांगावंच लागत नाही. हे तू मुद्दाम केलं नसशील, पण उत्तम केलंस.

तेच पान वर्तमानकाळात वाच. “बाबा पहाटे उठतात, तिला पाणी दाखवतात.” आज, की रोज? आपला साधा वर्तमानकाळ दोन्हीसाठी वापरला जातो. ते टाळायला तू ‘उठताहेत’, ‘दाखवताहेत’ सुरू केलंस आणि चौथ्या ओळीपासून ते सामन्याच्या धावत्या वर्णनासारखं वाजू लागलं. मग ‘रोज’, ‘नेहमी’, ‘आजही’ असे टेकू लावत गेलीस. मी मोजले, त्या एका पानावर अकरा आहेत. असे टेकू दिसू लागले की समजावं, काळ मजकुराच्या विरुद्ध ओढतो आहे. वर्तमानकाळाला क्षण चालतो, वर्षं पेलत नाहीत. तुझी कादंबरी वर्षांची आहे.

अर्थात त्याची एक सोय मी नाकारत नाही. वर्तमानात सांगताना मागचं आठवलं की साध्या भूतकाळात शिरता येतं. भूतकाळात सांगताना आणखी मागे जायचं तर ‘गेले होते, म्हणाले होते, ठेवलं होतं’ अशी होत्यांची रांग लागते, आणि तुझ्या अठराव्या पानावर ती लागलीच आहे. तिथे उपाय सोपा आहे. मागे शिरताना पहिली दोन-तीन क्रियापदं ‘होतं’ लावून लिही, मग साध्या भूतकाळावर ये, आणि बाहेर पडताना एकदा ‘होतं’ ठेव. मधे वाचक चुकत नाही.

आता माझी हकीकत, कारण तिच्याशिवाय माझा हट्ट तुला कळणार नाही. माझी पहिली कादंबरी आजारी आईजवळ बसणाऱ्या एका मुलाची होती. तोच, चाळिशीत पोचलेला, ती सांगत होता. एका ज्येष्ठांनी हस्तलिखित चाळलं आणि म्हणाले, वर्तमानकाळात आणा, धग येईल. त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि मी तेव्हा घाबरट होते. एका पावसाळ्यात मी एकशे ऐंशी पानं बदलली. बदलताना काही वाक्यं नव्या काळात बसेनात. “ती हसली, ते शेवटचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.” वर्तमानात उभा असलेला मुलगा हे कसं म्हणणार? मी ते वाक्य काढलं. मग तसलं दुसरं काढलं. अशी चौतीस वाक्यं गेली. पुस्तक छापून आल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्या चौतीस वाक्यांतच कादंबरी होती. मुलाला तेव्हा न कळलेलं आणि माणसाला आता कळलेलं, या दोहोंच्या मधली जागा हाच माझा विषय होता. मी ती जागा स्वतःच्या हाताने बुजवली. धग आली, असं काहीजण म्हणालेही. मला ते अजून पटत नाही. पुढच्या तिन्ही कादंबऱ्या मी भूतकाळात लिहिल्या म्हणून मला जुन्या वळणाची म्हणतात. म्हणोत. जुनं वळण म्हणून मी तो काळ धरलेला नाही. माझे सांगणारे सगळे नंतर उभे आहेत म्हणून धरला आहे.

तर पुन्हा तेच. तुझी सांगणारी केव्हा उभी आहे? ती एकोणीस वर्षांचीच असेल आणि म्हैस काल गेली असेल, तर “पुढे मला कळलं” हे वाक्य तिच्या तोंडी येऊच शकत नाही, आणि तुझ्या पहिल्या मसुद्यात ते नऊ ठिकाणी आहे. ती चाळिशीची असेल, स्वतःच्या मुलाची फी भरून नुकती घरी आली असेल, तर ती नऊच्या नऊ वाक्यं तिची आहेत, आणि “मी गोठ्याकडे पाहिलं नाही” या वाक्यात बावीस वर्षांची शरम भरते. शब्द तेच राहतात. हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः लिहिली, तेव्हा त्यांनी यमूला स्वतःचीच हकीकत सांगायला बसवलं. बालपणीचा खेळकर प्रसंगही मोठी झालेली यमू सांगते आहे, म्हणून तो वाचताना धाकधूक होते. तो मुलीच्या वर्तमानकाळात घातला असता तर नुसता खेळ उरला असता.

‘ती’च्या मसुद्याकडे मी दुर्लक्ष केलं असं समजू नकोस. तो तिघांत सर्वांत स्वच्छ लिहिलेला आहे, आणि ज्या कादंबरीत पात्राला स्वतःचं शहाणपण सांगायचं नसतं तिथे मी तोच निवडला असता. पण तिथेही तू दोनदा जागा सोडलीस. “तिचा चेहरा पांढराफटक पडला” असं तू लिहितेस. कोणी पाहिला? आपण तिच्या डोळ्यांमागे बसलो होतो, अचानक समोर जाऊन उभे राहिलो. दुसरं, बाविसाव्या पानापर्यंत ‘बाबा आले’ आहे आणि तेविसाव्यावर ‘तिचे वडील आले’. आपल्याकडे जवळीक सर्वनामाच्या आधी नात्याच्या शब्दात असते. ‘आई आली, बाबा आले’ म्हटलं की आपण मुलीच्या मनात आहोत, मग ‘मी’ नसला तरी चालेल. ‘वडील’ म्हटलं की आपण तिचा अर्ज भरतो आहोत. आणि ‘तिला वाटलं की’ इतक्यांदा कशाला? “तिने दावं हातात घेतलं. म्हणजे फी भरून झाली?” एवढं पुरे. तो प्रश्न कोणाच्या मनात आला, हे कुठल्याही मराठी वाचकाला कळतं.

चिठ्ठीच्या शेवटी तू विचारतेस, एकाआड एक प्रकरण बाबांना ‘मी’ म्हणून द्यावं का. खांडेकरांच्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात, हे तुझ्या डोक्यात असणार. तिथे एकाच घटनेवर तिघांचे दावे आहेत. तुझे बाबा दावा सांगणारे नाहीत. ते गप्प आहेत, आणि त्या गप्पपणावर मुलीचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे. त्यांना ‘मी’ दिलास तर पहिल्याच पानावर ते बोलतील आणि कादंबरीला कारण उरणार नाही. नको.

आता काम. पहिला मसुदा घे, बाकीचे दोन बांधून माळ्यावर टाक. लाल पेन्सिलीने ‘पुढे कळलं’, ‘आज वाटतं’, ‘तेव्हा माहीत नव्हतं’ अशी प्रत्येक जागा अधोरेखित कर. मग एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिही: सांगणारीचं आजचं वय, ती कुठल्या खोलीत बसली आहे, आणि बाबा आता आहेत की नाहीत. हा कागद कादंबरीत येणार नाही, पण टेबलावर राहू दे. प्रत्येक लाल रेघ त्या बाईच्या तोंडी शोभते का ते पाहा. शोभत नसेल तर वाक्य काढ. बाईला हलवू नकोस. नंतर सव्विसावं पान एका बैठकीत पुन्हा लिही आणि मला तेवढंच पाठव, चाळीस पानं नकोत.

आणि एक. मुलीने बाबांच्या हातातून दावं घेतलं, तिथे तिन्ही मसुद्यांत प्रसंग तुटतो. पुढे तिने ते कुठे ठेवलं, ते तू एकदाही लिहिलेलं नाहीस. बावीस वर्षांनी ते कुठे आहे, हे तिला नक्की माहीत असणार. तिला विचार, आणि ती सांगेल ते मला कळव.

तुझी,
ताई