कन्सोलचा लॅन पोर्ट तिसऱ्यांदा गेला : कंपनीला ईमेल कसा लिहावा?

प्रश्न : आम्ही देवगडला राहतो. गेमिंग कन्सोलचा लॅन पोर्ट दोनदा दुरुस्त होऊन आला आणि पुन्हा बंद पडला. सपोर्टवाले दर वेळी राउटर रीसेट करायला सांगतात. वॉरंटी संपत आली आहे. ईमेलमध्ये काय काय लिहावे?

उत्तर : मी मालवणचा. माझ्या कन्सोलचा लॅन पोर्ट 2023-24 मध्ये चार महिन्यांत तीनदा बंद पडला होता, म्हणून त्याच अनुभवावरून सांगतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण ईमेलची मांडणी कोणत्याही कंपनीसाठी सारखीच राहील.

तुमच्या ईमेलने एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : दोष राउटरमध्ये, वायरमध्ये किंवा इंटरनेट सेवेत नसून कन्सोलच्या आतल्या नेटवर्कच्या भागात आहे. ते ठरवणारी सर्वांत सोपी खूण म्हणजे राउटरच्या ज्या पोर्टात वायर खोचली आहे, त्या पोर्टाचा दिवा. कन्सोल चालू असताना हा दिवा लागत नसेल, तर दोन्ही उपकरणांमध्ये विजेच्या पातळीवरचा संबंधच जुळलेला नाही. अशा वेळी डीएनएस बदलून किंवा इंटरनेट कंपनीला फोन करून काही साधत नाही, कारण त्या गोष्टी दिवा लागल्यानंतरच्या आहेत. दिवा लागत असेल आणि तरीही जोडणी होत नसेल, तर मात्र राउटरच्या किंवा कन्सोलच्या सेटिंगमध्ये दोष असण्याची शक्यता खरोखर उरते. तसे असेल तर आधी तिकडे पाहा.

दिवा लागत नाही हे दिसल्यावर वायर निर्दोष आहे हे दाखवावे लागते. कन्सोलमधून काढलेली तीच वायर, राउटरच्या त्याच पोर्टातून, लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचे वायफाय बंद करा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हा आदेश द्या (राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला) :

```
ping -n 50 192.168.1.1
```

पन्नासही पाकिटांना उत्तर आले, तर वायर आणि पोर्ट ठीक आहेत असे धरायला हरकत नाही. त्यानंतर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग किती दिसतो तेही पाहा. एक गिगाबिटसाठी वायरीतल्या चारही जोड्या लागतात आणि शंभर मेगाबिटला दोन पुरतात, म्हणून दोन्ही उपकरणे गिगाबिटची असूनही वेग शंभरच दिसत असेल, तर एखादी जोडी तुटली आहे किंवा टोकाच्या पिना खराब झाल्या आहेत असे समजा. आपल्याकडे खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. तो दिसला तर आधी वायर बदला आणि मगच कन्सोलला दोष द्या. शेवटची चाचणी म्हणजे कन्सोल शेजाऱ्यांकडे नेऊन त्यांच्या राउटरला, त्यांच्याच वायरने जोडून पाहणे. ही चाचणी केली की 'तुमच्या घरातील नेटवर्क' हा मुद्दाच उरत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचा नाजूक विषय. ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा होतात, आणि विजेच्या झटक्याने झालेले नुकसान बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही. सपोर्टवाले हा प्रश्न विचारतातच, म्हणून त्याचे खरे उत्तर आपणच आधी द्यावे. माझा पोर्ट पहिल्यांदा 7 ऑक्टोबरला गेला, त्या संध्याकाळी कडकडाट झाला होता आणि केबलवाल्याच्या खांबावरून तांब्याची लॅन वायर थेट घरात येत होती. शंका मलाही आली. म्हणून 10 नोव्हेंबरला ती काढून फायबर घेतले, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. त्यानंतरही पोर्ट 26 नोव्हेंबरला आणि पुन्हा 4 फेब्रुवारीला गेला. माझ्या तक्रारीचा सगळा भार मी या दोन तारखांवर ठेवला. विजेच्या वायरीतून झटका येऊ शकतो हे मान्यच आहे, पण त्याच बोर्डावरचा टीव्ही आणि राउटर सुरळीत चालू होते, हेही मी लिहिले.

मी पाठवलेला ईमेल इंग्रजीत होता. त्याचा गाभा मराठीत असा :

> विषय : लॅन पोर्टचा तिसऱ्यांदा बिघाड, वॉरंटी 17 मार्च 2024 पर्यंत, आधीचे दोन तक्रार क्रमांक सोबत
>
> महोदय, हा कन्सोल मी 18 मार्च 2023 रोजी विकत घेतला. बिल, सिरीयल नंबरच्या लेबलचा फोटो आणि दोन्ही दुरुस्त्यांचे सर्व्हिस रिपोर्ट जोडले आहेत. लॅन पोर्ट 7 ऑक्टोबर, 26 नोव्हेंबर आणि 4 फेब्रुवारी या तारखांना बंद पडला. पहिल्या दोन वेळी आपल्या सर्व्हिस सेंटरने तो दुरुस्त केला.
>
> सध्या कन्सोल थंड असताना जोडणी होते, परंतु सुमारे वीस मिनिटांनी राउटरवरील दिवा विझतो आणि कन्सोल 'वायर जोडलेली नाही' असा संदेश देतो. तासभर बंद ठेवल्यास जोडणी परत येते. त्याच वायरीवर आणि त्याच पोर्टावर लॅपटॉप एक गिगाबिटने जोडला जातो व 50 पैकी 50 पाकिटांना उत्तर येते. दुसरी वायर, राउटरचा दुसरा पोर्ट आणि शेजारच्या घरातील राउटर, तिन्ही ठिकाणी हाच दोष दिसला. सिस्टीम अद्ययावत केली असून फॅक्टरी रीसेटनेही फरक पडला नाही. कन्सोल मी उघडलेला नाही.
>
> एकाच भागाची दोनदा दुरुस्ती होऊनही दोष परतल्यामुळे पुन्हा दुरुस्ती न करता कन्सोल बदलून द्यावा, ही विनंती.

'वीस मिनिटांनी' हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. तापल्यावर जाणारा आणि थंड झाल्यावर परतणारा दोष बहुधा सोल्डरच्या सांध्यात किंवा नेटवर्कच्या चिपमध्येच असतो. सर्व्हिस सेंटरने मात्र थंड कन्सोल पाच मिनिटे तपासला, तर त्यांना सगळे ठीकच दिसेल. तुमचा दोष कसा आणि किती वेळाने येतो ते घड्याळ लावून मोजा आणि दिवा विझतानाचा छोटा व्हिडिओ जोडा.

त्यांचे पहिले उत्तर 'वायफाय वापरून पाहा' असे येऊ शकते. मला तेच आले. माझे घर चिऱ्याचे, भिंती जाड, आणि कन्सोलच्या खोलीत वायफाय नीट पोचत नाही, हे मी कळवले. शिवाय लॅन पोर्ट हा विकत घेतलेल्या वस्तूचाच भाग आहे, हेही लिहिले. दुसऱ्या पत्रव्यवहारानंतर त्यांनी कन्सोल बदलून दिला.

वॉरंटी संपत आली आहे, म्हणून ईमेल आजच पाठवा आणि तक्रार क्रमांक वॉरंटीच्या मुदतीतच मिळवा. आधीच्या दुरुस्तीत कन्सोल बदलून आला असेल, तर मागच्या लेबलवरचा सिरीयल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळणार नाही. अशा वेळी दोन्ही नंबर लिहून त्यांना जोडणारा सर्व्हिस रिपोर्ट लावा, नाहीतर त्यांच्या यादीत तुमची वॉरंटी सापडणारच नाही. दुरुस्तीवर वेगळी मुदत दिली असेल तर ती रिपोर्टवरच छापलेली असते, तीही पाहा.

पंधरा दिवसांत ठोस उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर हाच ईमेल आणि तक्रार क्रमांक घेऊन तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय दूरच्या शहरात असले तरी तुम्हाला तिथे जाण्याची गरज नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.