प्रश्नोत्तरे : मेमरी वाटपाच्या फर्स्ट-फिट, बेस्ट-फिट, वर्स्ट-फिट या पद्धतींची सिम्युलेशनने तुलना

तिन्ही पद्धतींना srand(42) दिलं, तरी प्रत्येकीला वेगळ्या रिक्वेस्ट मिळतात. असं का?

एका पद्धतीत रिक्वेस्ट नाकारली गेली की तुमचा कोड बहुधा त्या ब्लॉकचं आयुष्य ठरवणारा पुढचा rand() कॉल करतच नाही. तिथून पुढे आकड्यांचा क्रम सरकतो. म्हणून सिम्युलेशन सुरू करण्याआधीच आकार, येण्याची वेळ आणि सोडण्याची वेळ एका अ‍ॅरेत भरून घ्या आणि तोच अ‍ॅरे तिघींना चालवायला द्या.

माझं फ्रॅग्मेंटेशन कायम 0.00 किंवा 1.00 येतं. मधलं काहीच नाही.

दोन्ही संख्या size_t असल्या की भागाकार पूर्णांकात होतो आणि अपूर्णांक गळून पडतो. आधी double करा:

```c
double frag(size_t total, size_t maxf) {
    if (total == 0) return 0.0;
    return 1.0 - (double)maxf / total;
}
```

इथे total म्हणजे एकूण मोकळी जागा आणि maxf म्हणजे सर्वांत मोठा सलग मोकळा तुकडा. ब्लॉक सोडताना शेजारचे मोकळे तुकडे जोडून घेताय ना, तेही तपासा. दोन मोकळे ब्लॉक लागोपाठ दिसले तर जोडणी राहिली आहे आणि आकडा विनाकारण फुगणार.

बेस्ट-फिट तर सर्वांत नेमकी जागा निवडतो. मग माझ्या काही चाचण्यांत फर्स्ट-फिट पुढे कसा?

समजा 700 आणि 600 बाइटचे दोन मोकळे तुकडे याच क्रमाने आहेत आणि 500, 550, 180 अशा रिक्वेस्ट येतात. फर्स्ट-फिट 500 ला पहिल्याच पुरेशा तुकड्यात, म्हणजे 700 मध्ये बसवतो, 200 उरतात. 550 जातात 600 मध्ये, 50 उरतात. बेस्ट-फिट 500 ला 600 मध्ये बसवतो, 100 उरतात. मग 550 साठी 700 वापरावे लागतात आणि 150 उरतात.

दोन्हीकडे 250 बाइट मोकळे आहेत. पण वरच्या सूत्राने फर्स्ट-फिटचं फ्रॅग्मेंटेशन 0.20 आणि बेस्ट-फिटचं 0.40. आता 180 ची रिक्वेस्ट फर्स्ट-फिटमध्ये 200 च्या तुकड्यात बसते. बेस्ट-फिट मात्र तिला नाकारतो. आत्ताची नेमकी निवड पुढच्या रिक्वेस्टला सोयीची ठरेलच असं नाही. क्रम बदललात तर निकाल उलटाही होईल, म्हणून एका ट्रेसवरून निष्कर्ष काढू नका. srand ला निरनिराळे सीड देऊन चालवा.

वर्स्ट-फिटचं सरासरी फ्रॅग्मेंटेशन कधी कधी चांगलं दिसतं. विश्वास ठेवू का?

फक्त त्या आकड्यावर नको. वर्स्ट-फिट दर वेळी सर्वांत मोठाच तुकडा कापतो, त्यामुळे मोठ्या रिक्वेस्ट लवकर नाकारल्या जातात. नाकारलेलं काम मेमरीत येतच नाही, मेमरी रिकामी राहते आणि सरासरी सुधारल्यासारखी वाटते. म्हणून एकूण मोकळी जागा पुरेशी असूनही नाकारलेल्या रिक्वेस्ट वेगळ्या मोजा. बाह्य फ्रॅग्मेंटेशनचा थेट फटका तोच. नाकारलेल्या रिक्वेस्टची सोडण्याची वेळ आली की ती वगळायला विसरू नका, नाहीतर न दिलेला ब्लॉक free होईल.