साडेसहा वर्षांचा मुलगा पाच-सहा पदार्थांवरच जगतोय. हे नखरे आहेत की आर्फिड?

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगा फक्त पांढरा भात, साधा डोसा, ग्लुकोज बिस्किटं, पिवळे केळा वेफर्स, एकाच कंपनीचं दही आणि दूध (दिवसाला चार पेले) घेतो. पोळी आणि केळं आधी खायचा, आता नुसतं पाहिलं तरी उबळ येते. वजन १८ किलो, गेल्या वर्षी १७.७ होतं. सासूबाई म्हणतात, उपाशी ठेव, आपोआप खाईल. नेटवर आर्फिडबद्दल वाचलं, म्हणजे मूल मोजकेच पदार्थ खातं आणि बाकीचं टाळतं तो खाण्याचा विकार. हे तेच का?

उत्तर: निदान प्रत्यक्ष तपासूनच होतं. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी तीन अशा आहेत की मी याला नखरे म्हणून सोडून देणार नाही. बालकांच्या आहाराचं काम करते, त्या नजरेने सांगते.

पहिली गोष्ट वजनाची. १८ किलो हा आकडा एकटा पाहिला तर फार दचकण्यासारखा नाही, आणि म्हणूनच तो फसवतो. या वयात वर्षाला साधारण २ ते ३ किलो वजन आणि ५ ते ६ सेंटीमीटर उंची वाढायला हवी. तुमच्याकडे वर्षभरात ३०० ग्रॅम वाढलंय. लसीकरणाच्या फाइलमध्ये जुनी वजनं-उंच्या असतील, त्या सगळ्या तारखांसह एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना वाढीच्या तक्त्यावर टिंबं टाकायला सांगा. बारीक मूल बारीकच राहून आपल्या रेषेला धरून वर जातं. जे मूल आपली रेषा सोडून खालच्या रेषेकडे सरकतं, त्याची काळजी करायची.

दुसरी गोष्ट, पोळी आणि केळं सुटलं ते परत आलं नाही. दोन ते सहा वर्षांत बहुतेक मुलं नव्या पदार्थाला नाक मुरडतात, हे त्या वयाचं लक्षणच आहे. असं मूल महिनाभर वरणाचं नाव काढत नाही, मग एक दिवस मावशीकडे वाटीभर ओरपतं. यादी मोजायला बसलात तर पंचवीस-तीस पदार्थ सहज निघतात, आणि प्रत्येक गटातलं काही ना काही असतं. आर्फिडमध्ये यादी एकाच दिशेने लहान होत जाते. गळालेला पदार्थ परत येत नाही आणि भाज्या, फळं, डाळी असे आख्खे गटच बाहेर राहतात. तुमच्या यादीत डोशातली उडीदडाळ आणि केळ्याचे वेफर्स सोडले तर हे तिन्ही गट नाहीत.

तिसरी गोष्ट ती उबळ. ती नाटकी नसते. चव, वास, स्पर्श, रंग काही मुलांना फार तीव्र जाणवतात आणि मेंदू तो पदार्थ ‘खाण्याजोगा नाही’ म्हणून बाद करतो. दही एकाच कंपनीचं लागतं तेही यामुळेच. आंबटपणातला, घट्टपणातला जो फरक तुम्हा-आम्हाला कळतही नाही तो त्याला कळतो. आर्फिडचे आणखी दोन प्रकार आहेत. एकात मुलाला भूकच जाणवत नाही. दुसऱ्यात घास अडकल्यावर किंवा मोठ्या उलटीनंतर गिळायचीच भीती बसते आणि खाणं एका आठवड्यात अचानक बंद होतं. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा संवेदनेच्या प्रकारात बसतो. एका मुलात दोन प्रकार मिसळलेलेही दिसतात.

अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये हे निदान वेगळं केलं. त्याच्या निकषांत वाढ खुंटणं किंवा वजन घटणं, पोषणाची ठळक कमतरता, नळीने दिलेल्या आहारावर किंवा डब्यातल्या पूरक पावडरवर अवलंबून राहणं, आणि खाण्यामुळे शाळा, पाहुणे, सहली यांत अडचण येणं, यांपैकी किमान एक असावं लागतं. शिवाय मुलाला बारीक व्हायची इच्छा नसते. ती असेल तर तो वेगळा आजार. घरात अन्नाची टंचाई किंवा धार्मिक उपास हे कारण असेल तरीही याला आर्फिड म्हणत नाहीत.

आता सासूबाईंचा उपाय. नखरे करणाऱ्या मुलावर तो थोडाफार चालतो, कारण भूक वाढली की त्याचा नकार सैल पडतो. इथे तसं होत नाही. असं मूल लग्नाच्या हॉलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्यावर बसून राहतं आणि भुकेने चिडचिडं झालं की त्याची उबळ वाढते. त्यांना एवढंच सांगा की डॉक्टरांनी उपाशी ठेवायला मनाई केली आहे. कोणताही बालरोगतज्ज्ञ हेच सांगेल, त्यामुळे ही थापही नव्हे.

आधी बालरोगतज्ज्ञ गाठा. जुना बद्धकोष्ठ, किडलेले दात, वाढलेले टॉन्सिल, छातीत आंबट येणं, गव्हाची सीलिअॅक व्याधी, यांतलं काही असेल तर खाणं त्यामुळेही आखडतं, म्हणून ते आधी वगळावं लागतं. रक्तात हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन मागून घ्या, कारण लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही बघतील. तुमच्या यादीत क जीवनसत्त्व जवळजवळ नाही. त्यामुळे पाय दुखतात म्हणून मुलगा चालायला कुरकुरू लागला किंवा हिरड्या सुजून रक्त आलं, तर हाडांच्या डॉक्टरांकडेसुद्धा ही खाण्याची यादी दाखवा. नाहीतर स्कर्व्ही असूनही तपासण्या संधिवाताच्या होत राहतात. संध्याकाळी अंधुक दिसणं, चक्कर, वजन उतरणं किंवा पातळ पदार्थही नाकारणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

बोलणं, खेळणं, कपड्यांचे टॅग, मोठे आवाज याबद्दलही डॉक्टर विचारतील, कारण स्वमग्न मुलांमध्ये आर्फिड बरंच आढळतं. उलट मात्र खरं नाही. आर्फिड असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. खाण्याच्या थेरपीसाठी मुलांबरोबर काम करणारा ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ लागतो, भीतीचा भाग मोठा असेल तर मानसोपचारतज्ज्ञही. सरकारी वाट हवी असेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, आणि परळचं वाडिया हे धर्मादाय रुग्णालय मुलांचंच आहे.

दुधाबद्दल थोडं सविस्तर. चार पेले म्हणजे ८०० मिलीच्या आसपास. गाईचं दूध असेल तर त्यातून पाचशेच्या वर कॅलरी जातात, आणि या वयाला दिवसभरात साधारण १३०० ते १४०० लागतात. म्हणजे त्याचा बराचसा दिवस दुधावर चाललाय. दुधात लोह नगण्य, आणि पोट भरलेलं असल्याने भूकही मरते. म्हणून कुणीतरी सांगेल, दूध बंद करा. नखरे करणाऱ्या मुलाचं दूध अर्ध्यावर आणलं तर ते जेवायला लागतं. तुमच्या मुलाचं वजन मात्र सरळ घटेल. आधी दुधाची वेळ हलवा: जेवणाआधीचा पेला जेवणानंतर. दुसरं काही वाढायला लागलं की वजनावर लक्ष ठेवून आठवड्याला १०० मिली कमी करा, साधारण ५०० मिलीपर्यंत.

नवीन पदार्थ कसा आणायचा, ते तुमच्याच यादीवर करून दाखवते. डोसा आणि भात यांना सध्या हात लावू नका. त्यावर त्याचं पोट चालतं आणि तेच गळाले तर सलाइनची वेळ येईल. सुरुवात वेफर्सपासून करा, कारण ते गेले तरी फार बिघडत नाही. बदल करताना एका वेळी एकच गुण बदलायचा.

आधी तेच वेफर्स, पण दुसऱ्या दुकानातले. मग घरी केलेले: कच्चं केळं सोलून किसणीने थेट गरम तेलात चकत्या पाडायच्या आणि तळताना हळद-मिठाचं चमचाभर पाणी टाकायचं. (तेल तडतडतं, मुलाला लांब ठेवा.) रंग आणि कुरकुरीतपणा तोच, फक्त पाकीट नाही. ते जमलं की चकती थोडी जाड. मग आणखी जाड, कडेने कुरकुरीत आणि मध्ये किंचित मऊ. इथे तो अडणार, कारण पोत बदलतो. या पायरीवर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. पुढे तव्यावर परतलेले कच्च्या केळ्याचे काप, त्यानंतर तसेच बटाट्याचे, मग सुरणाचे. पिकलं केळं या साखळीत खूप पुढे येतं, त्याची घाई नको.

हे जेवणाच्या ताटात करायचं नाही. संध्याकाळी खेळून आल्यावर, दहा मिनिटं, वेगळ्या ताटलीत नखाएवढे तुकडे. त्याला बघू दे, मोडून आवाज ऐकू दे, हुंगू दे, जीभ लावू दे. चावून थुंकायला शेजारी एक वाटी ठेवा आणि थुंकणं हे चालतं, असं आधीच सांगा. गिळलंच पाहिजे अशी अट आली की तो पहिल्या पायरीवरच थांबतो. साध्या नखऱ्यांतसुद्धा नवी चव पचनी पडायला आठ-पंधरा वेळा समोर यावी लागते, इथे त्याहून जास्त. टाळ्या, बक्षीस, ‘एक घास माझ्यासाठी’, मोबाइल लावून नकळत घास, यांपैकी काही नको. सलग दोनदा नकार आला तर आधीच्या पायरीवर जा.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: डोशाच्या पिठात गाजर लपवणं, दुधात प्रोटीन पावडर ढवळणं. त्याला ते कळतं, आणि मग ज्या डोशावर विश्वास होता तोही यादीतून जातो. पिठात चमचाभर मूगडाळ वाटून घालायची असेल तर काही महिन्यांनी, त्याच्यासमोर घाला.

शाळेचा डबा हे या काळात शिकवणीचं ठिकाण नव्हे. डब्यात त्याचं खात्रीचंच द्या. शाळेने ‘पौष्टिक डबा’ म्हणून वेफर्स-बिस्किटं अडवली तर डॉक्टरांचं पत्र द्या आणि बाईंना सांगा की डबा संपवायचा आग्रह करू नका, शेजारच्या मुलाशी तुलनाही नको.

लोह कमी निघालं तर सिरप मिळेल. मात्रा डॉक्टर वजनावरून ठरवतात. ते दुधात मिसळायचं नाही. दुधातल्या कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं, आणि चव कळली तर दूधही जाईल. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या मागच्या भागाकडे थोडं थोडं सोडा, वर पाणी पाजा म्हणजे दात काळे पडत नाहीत. दूध आणि सिरपमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. शी काळसर होईल आणि कडकही होऊ शकते. ती कडक झाली तर डॉक्टरांना लगेच कळवा, कारण बद्धकोष्ठाने त्याची आहे ती भूकही जाईल.