वरची हिरडी शांत का?

मावशी, आई गेल्यापासून बाबा (वय 71) तासगावात एकटे राहतात. भाऊ सांगलीत असून महिन्यातून एकदा डोकावतो. मी पुण्याहून पैसे पाठवते, रोज फोन करते. दोन महिने झाले, बाबांच्या हिरड्यांतून रक्त येतंय. वरचे दात कधीच गेलेत, तिथे काही नाही. खालचे सहा-सात उरलेत तिथेच सूज आहे. दातांच्या डॉक्टरांनी दोनदा साफ करून दिले, फरक नाही. पाय दुखतात म्हणून घराबाहेर पडत नाहीत. पोटऱ्यांवर निळे डाग आहेत, ‘कॉटचं लागलं’ म्हणतात. चहा-बिस्किटं आणि आमटी-भातावर दिवस काढतात, बेदाणे मात्र रोज खातात. भावाला कसं समजावू, की बाबांना सरळ इकडेच आणू?
– तासगावची लेक

भावाचं राहू दे गं. ‘तिथे काही नाही’ असं लिहून तू पुढे सरकलीस, मी मात्र तिथेच थांबले.

माझ्या मिरजेच्या मामांचं अगदी हेच झालं होतं. आम्ही सगळे त्यांच्या दातांवर खर्च करत होतो. एका फिजिशियननं टॉर्च लावून तोंडात बघितलं आणि विचारलं, ‘दात नाहीत तिथली हिरडी एवढी छान कशी?’ मग त्यांनीच उलगडून सांगितलं. क जीवनसत्त्व नसलं की शरीराला ऊतींचा धागा नीट विणता येत नाही, बारीक रक्तवाहिन्या कच्च्या राहतात. दात आणि हिरडीच्या फटीत कीटण साचून रोजच थोडी जळजळ होत असते. ती झीज भरून निघत नाही, म्हणून दोन दातांमधली हिरडी जांभळी, स्पंजासारखी फुगते. दातच नसेल तर ती फटही नाही, मग हिरडी शांत राहते. या आजाराचं नाव स्कर्व्ही. जुन्या जहाजांवरच्या खलाशांचा म्हणून शाळेत पाठ केलेला, तोच.

नंतर त्यांनी मामांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. केसांच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते आणि केस स्क्रूसारखे पिळलेले. कॉटचं लागून असे ठिपके उठत नाहीत.

आणि बेदाणे! तासगावकरांना राग येईल, पण द्राक्षात क जीवनसत्त्व मुळात थोडं, आणि वाळवताना तेही जातं. चहा-बिस्किटात ते नाही, भातात नाही, उकळलेल्या आमटीत जवळजवळ नाही. दिवसाला 10 मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्व्ही टळते; एका लिंबाच्या रसात त्याहून जास्त असतं. पण ताजं काहीच पोटात गेलं नाही तर एक ते तीन महिन्यांत साठा संपतो. तू रोज फोन करतेस, ‘जेवलात का’ विचारतेस, ते ‘हो’ म्हणतात. काय जेवलात, हे एकदा तरी विचारलंस?

या शनिवारी तू स्वतः जा. भावाला पाठवू नकोस. हिरडीचा आणि पोटऱ्यांचा उजेडात फोटो काढ, तारीख घाल, आणि त्यांना फिजिशियनकडे ने. आधी सीबीसी होऊ दे, कारण रक्ताच्या कर्करोगातही हिरड्या सुजतात आणि अंगावर डाग येतात. बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती दाखव. काही गोळ्यांनी हिरडी वाढते, काहींनी रक्त येतं. मुतखडा झाला असेल तर तेही सांग, कारण क जीवनसत्त्वाचा मोठा डोस अशांना जपून देतात. क जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करायची ठरली तर गोळी आणि फळं सुरू होण्याआधी नमुना दे. चार दिवस संत्री खाल्ली की रिपोर्ट चांगला येतो, हिरडी मात्र तशीच असते.

मामांना पहिले तीन दिवस 1000 मिलिग्रॅम, मग आठवडाभर 500 आणि पुढे तीन महिने रोज 100 दिलं होतं. तुझ्या बाबांचा डोस त्यांचे डॉक्टर ठरवतील. मामीची वही अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी : ‘पाय कमी ठणकतात, भाकरी मागितली.’ पाचव्या : ‘चूळ भरली, रक्त नाही.’ बाराव्या : ‘हिरडी गुलाबी, डाग पिवळे पडले.’ एक दात फार हलत होता, तो मात्र गेलाच. अशी वही तूही ठेव. आठ-दहा दिवसांत हिरडीत काहीच फरक दिसला नाही तर आजार दुसरा असेल. वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.

तपासणी झाली की पिकलेला पेरू कुस्करून, बिया गाळून दे, उरलेल्या दातांना तेवढं जमेल. आमटी गॅसवरून उतरवून ताटात वाढल्यावर वर लिंबू पिळायचं, उकळत्या पातेल्यात नाही. हे त्यांच्या हातून करून घे, कारण रविवारी तू परत येशील.