नाळ पडेपर्यंत बाळाची अंघोळ

ताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आलेय. बाळ आज ९ दिवसांचं आहे. नाळ काळी पडून लोंबतेय, बुडाशी पिवळसर चिकट दिसतं, थोडा वास येतो. आजी रोज हळद-खोबरेल लावते. न्हाऊ घालणाऱ्या मावशी उद्यापासून बंबाच्या कढत पाण्यानं अंघोळ घालणार म्हणतात. दवाखान्यात तर ‘काही लावू नका’ सांगितलंय. बारसं तोंडावर आलंय. कुणाचं ऐकू?

दवाखान्याचं ऐक. हळद आजच थांबव.

नाळ वाळूनच पडते. साधारण ५ ते १५ दिवसांत बुडाशी ती सैल होते आणि तिथं जरा चिकट, पिवळसर ओल येते. हलका वास आणि लंगोटाला एखादा तपकिरी डाग, हेही त्यातलंच. बरेच जण त्यालाच पू समजतात. ओळखायचं असेल तर नाळेकडे नको, भोवतालच्या कातडीकडे बघ. पोटाची कातडी नेहमीसारखी मऊ असेल, बाळ ओढून दूध पीत असेल, तर काळजी नाही. कातडी लाल होऊन लाली पसरायला लागली, तिथं सूज आली, गरम लागलं, हात लावताच बाळ कळवळलं किंवा घाण वास मारायला लागला, तर तो जंतुसंसर्ग. मग बारसं असो की काही असो, त्याच दिवशी दवाखाना.

आता हळदीचं. तेलातल्या हळदीनं नाळ ओलीच राहते आणि डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते. शिवाय त्या पिवळ्या थराखाली लाली दिसतच नाही, मला तर याचीच जास्त भीती वाटते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून घट्ट पिळ, बुडाशी अलगद फिरवून लेप काढ आणि मऊ सुती कापडानं टिपून कोरडं कर. यापुढं हळद, राख, पावडर, तूप काही नको. लंगोट नेहमी नाळेच्या खाली दुमडून बांध, म्हणजे शी-शू वर जाणार नाही. कोल्हापुरात पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. लंगोट दमट वाटला तर इस्त्री फिरवून, गार करून घाल. नाळ एका धाग्यावर लोंबत असली तरी ओढू नकोस.

अंघोळीचं म्हणशील, तर नाळ पडेपर्यंत पुसून घेतलंस तरी पुरे. पंखा बंद, खिडकी लावलेली, कोरडा टॉवेल आधीच उशाशी. भांड्यात आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघ: गरम नाही, नुसतं उबदार लागलं पाहिजे. बंबातलं पाणी थेट अंगावर घेतलं तर बाळाची पातळ कातडी पोळते. बाळाला टॉवेलात गुंडाळून एकेक भाग उघडा करायचा, पुसायचा, कोरडा करून झाकायचा. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, दोन्ही डोळ्यांना वेगळा बोळा. मग चेहरा, मानेच्या घड्या (दूध तिथंच साचतं), काखा, जांघा आणि शी-शूची जागा शेवटी. पाच-सात मिनिटांत आटोपायचं आणि लगेच छातीशी घ्यायचं. चुकून नाळ भिजली तर घाबरू नकोस, टिपून कोरडी कर.

मावशींना दुखवायची गरज नाही. तोवर त्यांना तुझे पाय चोळू देत. नाळ पडून बेंबी कोरडी झाली, की पायावर घेऊन अंघोळ घालू देत, ती पद्धत चांगलीच आहे. मात्र मान हातावर धरलेली हवी आणि पाणी तुझ्या कोपरानं तपासलेलं. नाका-कानात तेल, नाकात फुंकर, डोकं दाबून गोल करणं आणि छातीची गाठ पिळणं मात्र बंद. बाळाच्या छातीची ती सूज आईच्या संप्रेरकांनी आलेली असते, आपोआप जाते. पिळली की गळू होतो. शेकशेगडीचा धूरही बाळापाशी नको.

बारशाला नाळ पडलेली नसली तरी अडत काही नाही. सैल झबलं घाल आणि बाळाला घेणाऱ्यांना आधी साबणानं हात धुवायला लाव, अंगठ्या-बांगड्या काढून. ते सांगायचं काम आजीकडे दे, पाहुणे तिचंच ऐकतील.

नाळ पडताना दोन-चार थेंब रक्त येतं. दाबून धरूनही थांबेना, तर डॉक्टर. नंतर आठवडाभरानंही बेंबीत गुलाबी ओला कोंब दिसला, किंवा तीन आठवडे होऊनही नाळ पडली नाही, तर दाखवून घे. कोंबावर साधा उपाय असतो, पण तो डॉक्टरांच्याच हातून. बाळ दूध सोडून सुस्त पडलं, किंवा काखेतला ताप ९९.५ फॅरनहाइटच्या वर अथवा ९७.७ च्या खाली आणि छातीशी घेऊनही ऊब येईना, तर सकाळची वाट बघू नकोस. १०२ ला फोन केलास तर सरकारी दवाखान्यात न्यायला गाडी फुकट येते.