उपउत्पादनावर पुढची प्रक्रिया करायची का? आधी संयुक्त खर्च बाजूला ठेवा

समजा एकाच प्रक्रियेतून ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन उत्पादनं निघतात आणि दोन्हींचा मिळून होणारा संयुक्त खर्च 90,000 आहे. विभाजन बिंदूवर, म्हणजे दोन्ही उत्पादनं वेगळी होतात तिथे, ‘अ’ची विक्री किंमत 1,20,000 आणि ‘ब’ची 30,000. विक्री मूल्याच्या प्रमाणात वाटलं तर ‘ब’वर 18,000 येतात. ‘ब’वर आणखी 10,000 खर्चून तो 38,000 ला विकला जातो. नवशिके 38,000 मधून 28,000 वजा करतात आणि 10,000 नफा बघून होकार देतात. इथेच चूक होते, कारण तिथल्या तिथे विकला असता तर नफा 12,000 होता.

90,000 तर आधीच खर्च झालेत. म्हणून फक्त वाढीव उत्पन्न (8,000) आणि वाढीव खर्च (10,000) यांची तुलना करा. तोटा 2,000, म्हणजे प्रक्रिया नको. ‘ब’ला उपउत्पादन मानून त्याचे 30,000 संयुक्त खर्चातून वजा केले, तरी उत्तर बदलत नाही.

मात्र ते 10,000 नीट तपासा. त्यात 3,000 कारखान्याच्या भाड्याचा वाटा असेल, तर तो प्रक्रिया न करताही भरावाच लागतो. खरा वाढीव खर्च मग 7,000 आणि निर्णय उलटा. फक्त 38,000 हा आकडा प्रक्रियेतली घट धरून काढलाय ना, ते पाहा. 5 टक्के घट विसरली असेल तर 1,900 कमी होतात आणि पुन्हा तोटाच.